मी माजी, माझा नंबर मात्र आजी!

नोकरी सोडताना ऑफिसला काय काय परत द्यायचं, याची एक यादी असते. लॅपटॉप, चार्जर, आयडी कार्ड, ड्रॉवरची किल्ली. एकेका वस्तूपुढे टिक होते, खाली आपली सही होते आणि आपण मोकळे होतो. पण ऑफिसने आपल्याला काय परत द्यायचं, याची यादी मी तरी अजून पाहिलेली नाही. तशी यादी कुणी केलीच, तर तिच्यात पहिली ओळ असायला हवी : आपला मोबाइल नंबर.

मी रायपूरला राहते आणि कंटेंट रायटर आहे. बीए झाल्यावर इथल्याच एका छोट्या एजन्सीत दोन वर्षं काम केलं. एजन्सीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण तुमच्या जुन्या ऑफिसातही असंच चालत असण्याची शक्यता खूप आहे. नोटीस पिरियड पूर्ण करून, सगळ्यांना पेढे देऊन मी बाहेर पडले. माझा नंबर मात्र तिथेच कामाला राहिला. तोही बिनपगारी!

तो तिथे तीन कामं करत होता. पहिलं म्हणजे, माजी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मला न विचारता घातलं होतं. तीनशेच्या वर माणसं, त्यातली दहा-बारा माझ्या ओळखीची. बाकीच्यांसाठी मी म्हणजे एक फोटो, एक नाव आणि दहा आकडे. त्यातून विमा एजंटचे मेसेज येऊ लागले आणि रात्री साडेअकराला ‘हाय, पहचाना?’ विचारणारेही. दुसरं, क्लायंटच्या काही अकाउंटना माझा नंबर जोडलेला होता. तिथे कुणी लॉगिन करायला गेलं की ओटीपी माझ्या फोनवर यायचा. आणि तिसरं सगळ्यात त्रासाचं. ऑफिसने रायटर हवेत म्हणून दिलेल्या जाहिरातीत संपर्कासाठी माझा नंबर छापला होता. मी सोडून गेल्यावरही ती जाहिरात फिरत राहिली. भिलाई, धमतरी, महासमुंदहून मुलं फोन करायची, ‘मॅडम, व्हेकन्सी आहे का?’ एका मुलीने तर सांगितलं, की ती मुलाखतीसाठी बसने निघालीच आहे. तिला अर्ध्या वाटेतून परत जायला सांगताना मला फार वाईट वाटलं. तिचा दिवस आणि तिकिटाचे पैसे वाया गेले ते एका जुन्या नोंदीमुळे.

‘नंबर बदलून टाक’ असं मैत्रिणी म्हणाल्या. पण हाच नंबर माझ्या आधारला, बँकेला, पीएफला जोडलेला आहे. घरचा गॅस त्यावरून बुक होतो आणि आजीच्या दवाखान्याच्या कागदावरही तोच लिहिलेला आहे. तो बदलायचा तर निम्म्या शहरात फेऱ्या माराव्या लागतील. ब्लॉक करूनही भागत नाही, कारण नोकरी शोधणारा प्रत्येक जण नव्या नंबरवरून फोन करतो. मग उरला एकच मार्ग. जुन्या ऑफिसला रीतसर पत्र लिहायचं.

हे काम मी शेवटच्या दिवशी तोंडी सांगितलं होतं. एचआर मॅडम मनापासून ‘हो हो, काढते’ म्हणाल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या फोनमधून काढलाही असेल. पण गोम अशी, की आपला नंबर ऑफिसात एका जागी नसतो. तो पाच-सहा ठिकाणी असतो, प्रत्येक ठिकाणची किल्ली वेगळ्या माणसाकडे असते आणि तो तिथे असण्याचं कारणही वेगळं असतं. त्यामुळे ‘माझा नंबर काढा’ या वाक्यावर ऑफिसातला कुणीच माणूस काम करू शकत नाही. हे ध्यानात आल्यावर मी कागदावर तीन रकाने आखले. पत्राचं खरं काम तिथेच झालं.

पहिल्या रकान्यात कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या नोंदी. पगार, पीएफ, टीडीएस, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. या पुसा म्हणणं चूक आहे आणि त्यात आपलाच तोटा आहे, कारण उद्या नव्या कंपनीने चौकशी केली तर याच नोंदी आपल्या कामाला येतात. पण नीट पाहा, या नोंदींना आपलं नाव, यूएएन, पॅन लागतो. मोबाइल नंबर तिथे फक्त आपल्याशी संपर्क व्हावा म्हणून असतो. ते काम ईमेलवर भागतं. म्हणून इथे ‘पुसा’ म्हणायचं नाही. ‘नंबरच्या जागी हा ईमेल टाका’ म्हणायचं.

दुसऱ्या रकान्यात, एके काळी कारण होतं पण आता संपलं अशा जागा. टीमची फोन लिस्ट, कामाचे ग्रुप, क्लायंटच्या अकाउंटचा रिकव्हरी नंबर, हजेरीचं ॲप. तिसऱ्या रकान्यात, नोकरीशी ज्यांचा संबंध कधी नव्हताच अशा जागा. माजी कर्मचाऱ्यांचा ग्रुप, दिवाळीच्या शुभेच्छांची ब्रॉडकास्ट लिस्ट आणि ती नोकरीची जाहिरात.

गंमत म्हणजे आपल्या कायद्यातही जवळपास हेच रकाने आहेत. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याच्या कलम ७ नुसार नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती कंपनी वेगळी संमती न घेता वापरू शकते. पण माजी कर्मचाऱ्यांचा ग्रुप हे काही नोकरीचं काम नाही. तिथे संमती लागते. दिलेली संमती परत घेता येते, हे कलम ६ सांगतं, आणि संमतीवर घेतलेली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क कलम १२ देतं. मी इंग्रजीची विद्यार्थिनी, म्हणून आणखी एक गोष्ट नजरेत भरली. या कायद्यात माणसासाठी सगळीकडे ‘शी’ आणि ‘हर’ वापरलं आहे, आणि त्यात पुरुषही धरले आहेत. वाचताना वाटलं, हा कायदा माझ्याशीच बोलतोय.

पण इथे जरा थांबा. इंटरनेटवर तयार पत्रं मिळतात, ज्यांत ‘चोवीस तासांत नंबर काढा, नाहीतर अडीचशे कोटींचा दंड’ अशी धमकी असते. तशी धमकी पाठवू नका. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुसायला सांगण्याचा हक्क आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. त्यानंतरही तक्रारीचं उत्तर द्यायला कंपनीला नियमांनुसार जास्तीत जास्त ९० दिवस मिळतील. आधी कंपनीकडेच दाद मागायची, तिथे काम झालं नाही तरच डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे जायचं, असा क्रम आहे. अडीचशे कोटी ही दंडाची कमाल मर्यादा आहे, तीही माहितीची सुरक्षा न राखल्याबद्दल. शिवाय दंडाची रक्कम सरकारजमा होते, आपल्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. म्हणून आज पत्रात कायद्याचं नाव घ्यायचं ते दिशा दाखवण्यापुरतं. खरा जोर असायला हवा आपल्या यादीत.

पत्र पाठवण्याआधी मी चार गोष्टी आटोपून घेतल्या, आणि हा क्रम तुम्हीही चुकवू नका. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि शेवटचा हिशोब हातात आला आहे ना, हे पाहिलं. पीएफच्या मेंबर पोर्टलवर जाऊन माझा नंबर आणि बँक खातं बरोबर आहे याची खात्री केली. यूएएनला जोडलेला नंबर ईपीएफओकडे असतो. जुन्या ऑफिसने त्यांच्या यादीतून आपला नंबर काढला तरी पीएफला काही होत नाही. नोकरी सोडल्याची तारीख तिथे चढली आहे का, तेही पाहिलं. ऑफिसने चढवली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ‘Mark Exit’ मधून आपण स्वतः चढवू शकतो. आणि शेवटी, फॉर्म १६ कुठल्या ईमेलवर यायला हवा ते ठरवलं. ही कामं अडकलेली असताना नंबर काढायला लावला, तर ऑफिसला ‘तुमच्याशी संपर्कच होत नव्हता’ असं सांगायची सोय होते.

मग पत्र लिहिलं. ऑफिसचा कारभार हिंदी-इंग्रजीत चालतो, म्हणून मी ते इंग्रजीत पाठवलं. इथे मराठीत देते. तुम्हाला हवं तसं बदलून घ्या.

‘विषय : माझा वैयक्तिक मोबाइल नंबर नोंदींतून आणि ग्रुपमधून काढण्याबाबत, एम्प्लॉयी कोड (तुमचा कोड)

आदरणीय मॅडम,

मी आपल्याकडे कंटेंट रायटर म्हणून काम करत होते. माझा हिशोब पूर्ण झाला आहे, त्याबद्दल आभार. ज्याचे शेवटचे चार अंक (इथे चार अंक) आहेत, तो माझा वैयक्तिक नंबर अजून ऑफिसच्या काही ठिकाणी वापरात आहे. त्याबद्दल पुढील विनंती आहे.

१. पगार, पीएफ आणि टीडीएसच्या नोंदी कायद्याप्रमाणे ठेवाव्यात. त्यातील संपर्काच्या रकान्यात मोबाइल नंबरच्या जागी माझा हा ईमेल नोंदवावा. फॉर्म १६ व इतर कागद याच ईमेलवर पाठवावेत.

२. टीमच्या फोन लिस्टमधून, हजेरीच्या ॲपमधून आणि शेअर केलेल्या शीटमधून माझा नंबर काढावा.

३. सोबत दिलेल्या तीन अकाउंटना माझा नंबर रिकव्हरीसाठी जोडलेला आहे. आधी ऑफिसचा नंबर जोडून तो चालतो हे पाहावं, नंतर माझा काढावा. ओटीपीची गरज पडल्यास मी एकदा ऑफिसात येऊन हे काम करून देईन. फोनवर ओटीपी सांगणार नाही.

४. माजी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपमध्ये आणि ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये राहण्यास माझी संमती नाही. तिथून माझा नंबर काढावा व पुन्हा जोडू नये.

५. नोकरीच्या जाहिरातीतील माझा नंबर काढावा किंवा जाहिरात बंद करावी. सोबत स्क्रीनशॉट जोडला आहे.

६. माझा नंबर बाहेरच्या कुणाला, म्हणजे पगाराचं काम पाहणाऱ्या किंवा विमा कंपनीला दिला असल्यास त्यांनाही हे कळवावं आणि ती नावं मला सांगावीत.

वरीलपैकी काय झालं आणि काय होऊ शकत नाही, हे कारणासह १५ दिवसांत याच ईमेलवर कळवावं, ही विनंती.’

पत्रात मी पूर्ण नंबर मुद्दाम लिहिला नाही. ईमेल पुढे पाठवला जातो, त्याची प्रिंट निघते, आणि नंबर काढा म्हणणाऱ्या पत्रातूनच तो आणखी चार ठिकाणी पोचतो. चार अंक आणि एम्प्लॉयी कोड ओळखायला पुरतात. हे मी व्हॉट्सॲपवर पाठवलं नाही, यालाही कारण आहे. एचआरमधला माणूस बदलला की त्याच्या फोनबरोबर आपला मेसेजही जातो. ऑफिसच्या ईमेलवर पाठवलेलं पत्र ऑफिसात राहतं. एक प्रत मालकांनाही पाठवली.

ओटीपीच्या मुद्द्यावर थोडं जास्त सांगते, कारण घरातल्या मोठ्यांनाही ते उपयोगी आहे. ‘अगं, एकच ओटीपी सांग ना’ असा फोन जुन्या सहकाऱ्याच्या नावाने आला, तरी फोनवर असलेली व्यक्ती तीच आहे आणि तो कोड त्याच अकाउंटचा आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. समोरासमोर बसून नंबर बदलून देणं हाच सुरक्षित उपाय. मी एका शनिवारी गेले, माझ्या जागी आलेल्या मुलीशेजारी बसले आणि अर्ध्या तासात तिन्ही अकाउंट ऑफिसच्या नंबरवर आली. चहाही मिळाला.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. पगाराच्या नोंदीत ईमेल टाकला, शीट आणि ॲपमधून नंबर काढला, ग्रुपमधून मला काढलं, जाहिरात बंद केली, असं मुद्देवार लिहिलं होतं. एका गोष्टीला त्यांनी नकार दिला. माझ्या सहीचा जॉइनिंग फॉर्म फाइलमध्ये आहे, त्यावरचा नंबर खोडता येणार नाही. मला ते पटलं. सही केलेल्या कागदात खाडाखोड नकोच, आणि हा कायदाही डिजिटल माहितीपुरता आहे. नुसत्या कागदाला तो लागत नाही. तो कागद स्कॅन करून ठेवला, तर मात्र लागतो.

आता तुम्ही विचाराल, की ग्रुप तर आपला आपण सोडता येतो, त्यासाठी पत्र कशाला? कारण सोडल्यावर ॲडमिन पुन्हा जोडू शकतो. व्हॉट्सॲपमध्ये ‘Settings’, मग ‘Privacy’, मग ‘Groups’ इथे जाऊन ‘My contacts’ निवडलं, की अनोळखी माणूस आपल्याला थेट ग्रुपमध्ये घालू शकत नाही. पण यात एक पळवाट आहे. एचआरचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह असेल, तर तो तुमच्या ओळखीचाच धरला जातो. त्यासाठी ‘My contacts except…’ निवडून त्या नंबरवर खूण करायची. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. आपण गेल्यावरही ६० दिवस ग्रुपच्या सदस्यांना सोडून गेलेल्यांच्या यादीत आपण दिसतो आणि आपले जुने मेसेज त्यांच्या फोनमध्ये राहतात.

पत्रासोबत मी एक पर्यायही सुचवला होता. ऑफिसला माजी लोकांना बातम्या कळवायच्याच असतील, तर ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप चॅनल करावा. चॅनल फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि ज्याला नको तो गुपचूप बाहेर पडू शकतो. अजून त्यांनी तो केलेला नाही. पण ग्रुपमध्ये मेसेज टाकून ‘ज्यांना राहायचं नाही त्यांनी कळवावं’ असं विचारलं, आणि बरीच माणसं बाहेर पडली, असं एका मैत्रिणीकडून कळलं. म्हणजे त्रास मला एकटीलाच नव्हता.

पत्राचा हात कुठवर पोचतो, तेही सांगायला हवं. जुन्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर कंपनी पुसू शकत नाही. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदाही लागू नाही. तिथे ज्याचा त्रास होतो त्याला सरळ सांगायचं, नाहीतर ब्लॉक करायचं. आणि एकदा बाहेर गेलेली जाहिरात पूर्ण परत येत नाही. उत्तर आल्यानंतर दोन आठवड्यांनी मला पुन्हा एक फोन आला. मी त्या मुलाला विचारलं, ‘भैया, नंबर कहां मिला?’ त्याने स्क्रीनशॉट पाठवला. कुणीतरी त्या जाहिरातीचं पोस्टर करून नोकऱ्यांच्या ग्रुपमध्ये टाकलं होतं. मी तो स्क्रीनशॉट जुन्या ईमेलच्याच उत्तरात जोडून पाठवला. ऑफिसने त्यांच्या पेजवर ‘ही जाहिरात जुनी आहे, हा नंबर आमचा नाही’ अशी सूचना टाकली. मूळ पोस्टर मात्र अजून कुठे कुठे फिरतंच आहे.

नंबर खरंच गेला की नाही हे तपासायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक, आपला नंबर अवतरण चिन्हांत टाकून गुगलवर शोधा. आधी सलग दहा आकडे, मग पाच-पाच आकड्यांत जागा सोडून, मग पुढे +91 लावून. जाहिरात देणारे नंबर तिन्ही तऱ्हांनी लिहितात. दोन, अनोळखी फोन आला की चिडण्याआधी ‘नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. दोन-तीन नोंदींतच गळती कुठे आहे ते कळतं, आणि पुढच्या पत्राला पुरावा मिळतो.

आता महिन्यातून एखादाच फोन येतो. त्यासाठी मी एक मेसेज तयार ठेवला आहे : ‘ही जागा आता नाही, हा नंबर त्या ऑफिसचा नाही. त्यांच्या वेबसाइटवरचा नंबर हा. तिथे विचारल्याशिवाय निघू नका.’ शेवटचं वाक्य मी त्या बसने निघालेल्या मुलीला आठवून लिहिलं. पत्र लिहिलं तेव्हा मला फक्त माझी शांतता हवी होती. पण अशा जुन्या नोंदीची किंमत कधी कधी तिसराच माणूस मोजतो. तुमचाही नंबर कुठल्या जुन्या ऑफिसात अजून ‘आजी’ असेल, तर या रविवारी तीन रकाने आखा. पत्र त्यातूनच तयार होईल.